केस स्टडी तीस मिनिटांत: परीक्षेत भरता येईल असा साचा कुणाकडे आहे का?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीत एमबीए करतोय, दुसरं सेमिस्टर. थिअरीचं टेन्शन नाही, पण केस आली की हातपाय गळतात. स्वॉट, पोर्टर, पेस्टल, अन्सॉफ, बीसीजी सगळं पाठ आहे. तरी पेपरात केस वाचायलाच दहा मिनिटं जातात, मग स्वॉटचे चार डबे काढतो, ते भरेपर्यंत वेळ संपतो आणि शिफारशीच्या दोन ओळी कशातरी खरडतो. गुण येतात पंधरातले पाच-सहा.

सरावासाठी मिळालेली एक केस थोडक्यात देतो. तीस मिनिटांत हिचं काय करायचं ते सांगा.

अबक ट्रेडर्स ही तासगावची बेदाणा व्यापारी फर्म. गेल्या वर्षी विक्री २६० टन, यंदा ३०० टन. सरासरी भाव दोन्ही वर्षी किलोला १८० रुपये. नफा मात्र २६ लाखांवरून १८ लाखांवर आला. दिल्लीचे दोन ग्राहक मिळून ६० टक्के माल घेतात. वसुलीला पूर्वी सरासरी ३० दिवस लागायचे, आता ७५ लागतात. खेळत्या भांडवलासाठी बँकेचं कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी. मालकांचं म्हणणं, सेल्सची माणसं कमी पडतात, आणखी दोन घेऊ. मुलगा म्हणतो अर्ध्या किलोची ब्रँडेड पाकिटं काढू. भागीदाराला स्वतःचं कोल्ड स्टोरेज बांधायचंय. प्रश्न: समस्या ओळखा, पर्याय तपासा, शिफारस करा. १५ गुण.

पॉवरपॉइंट_पाटील

सोपं आहे रे. आधी पेस्टल, मग पोर्टरच्या पाच शक्ती, मग स्वॉट आणि शेवटी अन्सॉफ. बाहेरून आत यायचं. आमच्या बॅचला सरांनी हेच सांगितलं होतं. आकृत्या पेन्सिलने नीट काढ, तपासणाऱ्याला दिसायला छान दिसतं. बेदाण्याचं स्वॉट तर झोपेत भरता येईल: सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन आहे ही ताकद, पाऊस हा धोका, निर्यात ही संधी.

आकडेमोड

पाटील, पेपर तपासणाऱ्याच्या बाजूने सांगतो. काही वर्षं मी हे काम केलंय. जीआय मानांकन खरं आहे, पण या केसमध्ये त्याचा काय उपयोग? नफा आठ लाखांनी का घसरला याचं उत्तर त्यातून मिळत नाही. जे स्वॉट केस न वाचताही लिहिता येतं, त्याला गुण देताना हात आखडतोच. गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरपत्रिकांत तेच चार डबे असतात, फर्मचं नाव तेवढं बदललेलं.

पोर्टरबद्दल मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे. पाच शक्तींपैकी एक इथे खरोखर कामाची आहे, ग्राहकाची ताकद. दोघेच जण ६० टक्के माल उचलतात, म्हणून ते पैसे थकवू शकतात. हे एका वाक्यात लिहायचं. उरलेल्या चार शक्तींसाठी आकृती काढत बसायची गरज नाही.

विश्रामबागकर, मी विद्यार्थ्यांना एकच पान आखायला सांगतो. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, पट्टी न लावता:

```
१. निर्णय कुणाचा? कधीपर्यंत?
२. केसमधले आकडे: आधी / आता
३. दिसतं ते  |  मुळात आहे ते
४. पर्याय (जैसे थे धरून)
५. निकष: तीनच
६. शिफारस, पहिलं पाऊल, काय बिघडू शकतं
```

आधी प्रश्न वाचायचा, मग केस. वाचता वाचताच पहिले दोन कप्पे भरायचे. वाचन आणि हे दोन कप्पे मिळून आठ मिनिटं. तिसऱ्या कप्प्याला पाच. चौथा-पाचवा मिळून पाच. उरलेली बारा मिनिटं स्वच्छ उत्तर लिहायला.

विश्रामबागकर

पहिला कप्पा कशाला? निर्णय मालकाचाच असणार की.

आकडेमोड

इथे मालकाचा आहे. पण कधी केस प्लँट मॅनेजरची असते, आणि पोरं शिफारस करतात 'कंपनीने दुसरी कंपनी विकत घ्यावी'. त्या बिचाऱ्याच्या हातात ओव्हरटाइम मंजूर करण्यापलीकडे काही नसतं. माणूस ठरला की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आता तिसरा कप्पा. सगळी केस तिथेच सुटते किंवा फसते. मालक म्हणतात विक्री कमी पडते. दुसऱ्या कप्प्यात बघा: विक्री २६० वरून ३०० टनांवर गेलीय, म्हणजे १५ टक्क्यांनी वाढलीय. मालकाचं निदान त्याच्याच आकड्यांनी खोटं ठरतं. केस लिहिणारा हे मुद्दाम करतो. केसमधलं पात्र ठामपणे जे बोलतं ते आधी आकड्यांवर घासून बघायचं.

मग नफा कुठे गेला? भाव तोच आहे. बदललंय काय, तर वसुलीचे दिवस. याचा हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय होतो. वर्ष ३६० दिवसांचं धरा. यंदाची विक्री ३०० टन गुणिले टनाला १.८ लाख, म्हणजे ५४० लाख. महिन्याला ४५ लाख. ७५ दिवस म्हणजे अडीच महिने, तर बाजारात अडकलेली रक्कम ११२.५ लाख. गेल्या वर्षी विक्री ४६८ लाख, महिन्याला ३९ लाख, आणि वसुली बरोबर एका महिन्यात. म्हणजे अडकलेले ३९ लाख. फरक ७३.५ लाखांचा. त्यावर १२ टक्के व्याज म्हणजे वर्षाला साधारण ८.८ लाख.

नफा घटला ८ लाखांनी. हा एक हिशोब उत्तरात दिसला की तपासणारा पेन खाली ठेवून वाचतो.

मिरज_लोकल

आकडेमोड सर, एक शंका. ११२ लाख ही विक्रीच्या भावाने काढलेली रक्कम. त्यात आपला नफाही आहे. बँकेचे पैसे अडकतात ते आपल्या खरेदीच्या किमतीइतके. मग व्याज खरेदीच्या किमतीवर नको का काढायला?

दुसरं, ४० टन माल जास्त विकला तर त्यावर काहीतरी नफा सुटलाच असेल. तो धरला तर घट आठपेक्षा मोठी भरते, आणि एकटं व्याज तिला पुरत नाही. आणखी काहीतरी गळती असणार. भाड्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माल जास्त दिवस पडून राहतोय का?

आकडेमोड

दोन्ही मुद्दे रास्त. खरेदीची किंमत केसमध्ये दिलेली नाही, म्हणून विक्रीच्या भावाने काढलं आणि 'विक्री किमतीवर अंदाज' असं एका ओळीत लिहिलं की झालं. परीक्षेत गृहीतक लिहून पुढे जायचं, त्यावर अडायचं नाही. दुसऱ्या मुद्द्यासाठी शब्द जपून वापरायचे. उधारी हे 'मुख्य कारण' म्हणायचं, 'एकमेव कारण' नाही. कोल्ड स्टोरेजच्या भाड्याचा आकडा केसमध्ये नसताना तो कारण म्हणून ठोकून द्यायचा नाही. 'हा खर्च तपासावा' एवढं बस.

एका_मुलीचे_बाबा

नमस्कार. माझी मुलगी बीबीएला आहे, तिला समर इंटर्नशिपचा ६० पानी केस स्टडी रिपोर्ट द्यायचा आहे. वरचा साचा त्याला चालेल का? कुणाकडे तयार नमुना असल्यास पाठवावा.

मिरज_लोकल

काका, इथे पेपरातल्या केसबद्दल चाललंय. रिपोर्टसाठी फर्मला भेटून माहिती गोळा करावी लागते, ते वेगळं प्रकरण. नवा धागा काढा, तिथे बोलू.

बेदाणावाला_तासगाव

धागा वाचून हसू आलं आणि रडूही. ही केस कुणी लिहिली ठाऊक नाही, पण आमच्याच घरची वाटते. आम्ही शेड चालवतो. द्राक्षं डिपिंग करून जाळीवर टाकायची, पंधरा-वीस दिवसांत माल तयार होतो. चार किलो द्राक्षाला जेमतेम एक किलो बेदाणा पडतो. शेतकऱ्याला, अडत्याला पैसे वेळेत द्यावे लागतात, आणि आपले पैसे तिकडे दिवाळीपर्यंत लोंबकळत असतात.

पण कागदावर 'उधारी कमी करा' लिहिणं सोपं आहे. फोन करून बघा. पलीकडून एकच वाक्य येतं, 'भाऊ, माल परत नेता का?' आपला माल गेला नाही तर दुसऱ्याचा जातो.

आणि ब्रँडचं म्हणाल तर आमच्या भावानं केलंय. एफएसएसएआयचं लायसन, पाकिटाची छपाई, ग्रेडिंगला बाया, वर दुकानदार तोही उधारीच मागतो. पहिल्या सीझनला पैसे सुटत नाहीत, उलट घालावे लागतात.

विश्रामबागकर

दादा, हे तर सोन्यासारखं मटेरियल. उत्तरात घालू का?

आकडेमोड

जपून. बाहेरची माहिती एखाद्या वाक्यापुरती चालते, पण केसमध्ये नसलेला आकडा आणून त्यावर निर्णय उभा करायचा नाही. बेदाणावाल्यांनी सांगितलेलं मात्र निकष ठरवायला फार कामाचं आहे. त्यांच्या बोलण्यातूनच तीन निकष निघतात: रोकड किती सुटते, किती लवकर सुटते, आणि मोठं गिऱ्हाईक टिकतं का.

आता पर्याय. दोन नवी माणसं घ्यायचा पर्याय तक्त्यात आणूच नका, एका ओळीत बाद करा. जास्त विकलेला प्रत्येक टन १.८ लाख रुपये अडीच महिने अडकवतो, म्हणजे विक्री वाढवली की दुखणं वाढतं. उरले चार: उधारी ७५ वरून ४५ दिवसांवर आणणं, ब्रँडेड पाकिटं, स्वतःचं कोल्ड स्टोरेज, आणि जैसे थे. शेवटचा पर्याय बहुतेक जण विसरतात. तो असल्याशिवाय बाकीचे कशाच्या तुलनेत चांगले ते कळत नाही.

निकषांना वजन देऊ: रोकड ५, वेग ३, गिऱ्हाईक टिकणं २. प्रत्येक पर्यायाला १ ते ५ गुण.

```
                 रोकड×५   वेग×३   गिऱ्हाईक×२   एकूण
उधारी ४५ दिवस      ५        ४         २         ४१
ब्रँडेड पाकिटं      १        १         ४         १६
कोल्ड स्टोरेज       १        २         ४         १९
जैसे थे            १        १         ५         १८
```

पॉवरपॉइंट_पाटील

हे तर पाहिजे ते उत्तर काढायचं यंत्र झालं. वजनं तुम्हीच ठरवायची, गुणही तुम्हीच द्यायचे. मी उद्या रोकडला १ देतो आणि ब्रँड जिंकवतो.

आकडेमोड

बरोबर पकडलंत. म्हणूनच तक्ता काढून थांबायचं नाही. ज्या वजनावर सगळ्यात जास्त वाद होईल ते उलटं करून एकदा बघायचं. रोकडला २ आणि गिऱ्हाईकाला ५ द्या, वेग तसाच. बेरजा होतात: उधारी ३२, पाकिटं २५, कोल्ड स्टोरेज २८, जैसे थे ३०.

उधारीचा पर्याय अजूनही वर आहे, पण जैसे थे फक्त दोन गुणांनी मागे. आधी अंतर २३ होतं. म्हणजे गिऱ्हाईक तुटायची भीती खरी असेल, तर काही न करणं हा जवळजवळ तितकाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. बेदाणावाले फोनबद्दल जे म्हणाले तेच हा तक्ता आकड्यात सांगतोय. म्हणून शिफारस नुसती 'उधारी कमी करा' अशी नको, गिऱ्हाईक न तोडता ती कशी आणायची हे सांगणारी हवी. उत्तरात लिहा: 'वजन बदलल्यास हा पर्याय निसटता पुढे राहतो, म्हणून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने.' हे लिहायला मिनिटभर लागतं.

मिरज_लोकल

टप्प्याटप्प्याने म्हणजे छोट्या ४० टक्के ग्राहकांपासून सुरुवात?

बेदाणावाला_तासगाव

छोटे कुठं थकवतात हो? आमच्याकडचे छोटे गिऱ्हाईक आठवड्यात पैसे देतात, कारण त्यांना पुढचा माल हवा असतो. थकवतात ते मोठे. छोट्यांपासून सुरू केलं तर नुसता देखावा होईल.

आकडेमोड

केसमध्ये सरासरी ७५ दिवस दिलेत, कुणाचे किती ते दिलेलं नाही. म्हणून पहिलं पाऊल असं लिहा: 'ग्राहकवार येणी किती दिवसांची आहेत त्याची यादी आठवडाभरात काढावी.' मालकाने सोमवारी सकाळी काय करायचं हे त्यात आलं. मोठे थकवतात असं यादीत निघालं तर त्यांच्यापासून सुरुवात, पण दोघांना एकाच वेळी नाही. एकाशी बोलणी आधी.

बोलणीत हाताशी काहीतरी हवं, तिथे रोख सूट येते. समजा दोनपैकी एक ग्राहक ३० टक्के माल घेतो, म्हणजे वर्षाला १६२ लाखांचा. त्याला सांगायचं, ७५ ऐवजी १५ दिवसांत पैसे दे, दीड टक्का सूट घे. साठ दिवस आधी पैसे आले की २७ लाख मोकळे होतात, त्यावरचं व्याज वाचतं ३.२४ लाख. सूट द्यावी लागते २.४३ लाख. हाती उरतात ८१ हजार. फार नाहीत, पण तोटाही नाही आणि बुडीत जायची भीती कमी होते. सूट दोन टक्के केली तर द्यावे लागतात ३.२४ लाख, वाचलेल्या व्याजाइतकेच. म्हणजे दोन टक्क्यांच्या पुढे जायचं नाही. मालक बोलणीला बसेल तेव्हा ही रेघ त्याच्या खिशात पाहिजे.

खरा फायदा सगळी उधारी ४५ दिवसांवर आली तर. एका महिन्याची विक्री, ४५ लाख मोकळी, म्हणजे वर्षाला ५.४ लाख व्याज वाचलं. सूट हे तिथवर पोचायचं एक साधन. दोन्ही फायद्यांची बेरीज करू नका, तेच पैसे दोनदा मोजले जातील. ही गफलत उत्तरपत्रिकांत कायम दिसते.

बेदाणावाला_तासगाव

दीड टक्क्यानं तो ऐकेल असं मला वाटत नाही. त्याच्याकडे स्वतःचे पैसे असतील तर ऐकेल. तोही बँकेच्या पैशावर असेल तर तुमच्यासारखाच हिशोब करेल आणि सूट नाकारेल.

आकडेमोड

त्याला पैसे कितीने पडतात त्यावर आहे. दीड टक्का साठ दिवसांसाठी म्हणजे वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास. त्याला बँक नऊपेक्षा स्वस्त देत असेल तर घेईल, नाहीतर नाही. काय बिघडू शकतं या कप्प्यात हेच लिहायचं: 'ग्राहकाने सूट नाकारल्यास सीझनच्या सुरुवातीला उधारीची मर्यादा ठरवून द्यावी.' तेवढ्याने तो वळेल का, यावर मी पैज लावणार नाही.

सेम४_एचआर

हे सगळं आकड्यांच्या केसला ठीक. आमच्या एचआरच्या केसमध्ये आकडेच नसतात. 'सुपरवायझर आणि युनियनमध्ये तणाव, गैरहजेरी वाढली.' दुसऱ्या कप्प्यात काय भरायचं?

मिरज_लोकल

मी तिथे तारखा भरतो. काय आधी झालं, काय नंतर. नवा सुपरवायझर कधी आला, शिफ्ट कधी बदलली, गैरहजेरी कधी वाढली. सुपरवायझर येण्याआधीच गैरहजेरी वाढली असेल तर भांडण हे कारण नसून लक्षण आहे, आणि तिसरा कप्पा भरून झाला. निकषांचं मात्र माझं अजून जमत नाही. 'मनोधैर्य' हा निकष लिहितो आणि त्याला पाचपैकी किती द्यायचे हे सुचत नाही.

आकडेमोड

'मनोधैर्य' नको. तीन महिन्यांनी मोजता येईल असं काहीतरी घ्या: गैरहजेरी, तक्रारी, सोडून गेलेले लोक. एचआरच्या केसला वजनाचा तक्ता मी स्वतः वापरत नाही, दोन पर्यायांची समोरासमोर तुलना पुरते. पण यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत नाही.

विश्रामबागकर

काल रात्री घड्याळ लावून हीच केस सोडवली. समस्येचं वाक्य असं लिहिलंय, बघा: 'अबक ट्रेडर्सची मुख्य समस्या ही आर्थिक व्यवस्थापनाचा अभाव, ग्राहकांवरील अवलंबित्व आणि वाढती स्पर्धा यामुळे झालेली नफ्यातील घट ही आहे.'

आकडेमोड

स्पर्धा केसमध्ये कुठे आहे? ती काढा. 'व्यवस्थापनाचा अभाव' कुठल्याही फर्मला लागू होतं, तेही काढा. आणि नफ्यातली घट हे दिसतं ते, मुळात आहे ते नव्हे. असं लिहा: 'वसुली ३० वरून ७५ दिवसांवर गेल्याने सुमारे ७३ लाख जास्त अडकले आणि त्याच्या व्याजाने वाढीव विक्रीचा फायदा खाल्ला. ६० टक्के विक्री दोघांकडे असल्याने फर्मला वसुलीसाठी जोर लावता येत नाही.' दोन वाक्यं. किती वेळ लागला एकूण?

विश्रामबागकर

सदतीस मिनिटं. तक्त्याला पट्टी लावली होती.

मिरज_लोकल

सर पट्टी नको म्हणाले होते ना! सात मिनिटं तिथंच गेली बघ.